विमला माग

सुरतेतल्या लिंबायतच्या मगनच्या स्टुडिओत उज्ज्वला रेशनकार्डासाठी फोटो काढायला गेली होती. टेबलाच्या काचेखाली बिघडलेले फोटो सारून ठेवलेले. त्यातल्या एकावर तिची नजर गेली आणि तिनं तो काचेखालून ओढून काढला. हार घातलेल्या मागाशेजारी तिचा भाऊ कुंदन उभा होता. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साली सगळं सुरत पळत सुटलं, त्याच गडबडीत बापाशी भांडून तो निघून गेला होता. तेव्हापासून दोन वर्षं त्याचा ठावठिकाणा नव्हता.

"हा कुठे काढला, मगनभाई?"

मगन ओशाळला. "बेन, दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी मी कतारगामपासून कडोदऱ्यापर्यंत कारखान्यांतून हिंडतो. हात हलला म्हणून हा फोटो दिलाच नाही. कुठला ते आता कसं सांगू?"

फोटो काळा-पांढरा आणि धूसर होता, शिवाय कडा कापलेल्या. माणूस ओळखू येत होता, जागा नाही. पण मागे माग होता. उज्ज्वला फोटो घेऊन तडक भिकनबाबांकडे गेली.

भिकनबाबा मूळचे अमळनेरकडचे. उमर गेली माग बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात. उजव्या कानाला ऐकू येत नसे, खटखटाटानं गेला होता तो. बाबांनी फोटो उजेडात धरला, डोळ्यांपासून लांब नेला, जवळ आणला.

"साधा माग आहे, सुरतेतल्याच ओतकामाचा. एवढंच सांगतो."

"कुणाच्या बनावटीचा, बाबा?"

"विमला वाटतो. पण खात्री चार आणेच धर. ही कमान सगळ्यांनी एकमेकांची उचललीय. बाजूचं चाक विमलाचं दिसतं, पण चाक काय, तुटलं की दुसऱ्याचं बसवतात. रंग दिसला असता तरी उपयोग नव्हता, मालक दर दिवाळीला नवा देतात. मला कापलेला भाग दाखव. पायाशी ओतीव अक्षरं असतात, ती बदलता येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दोघं स्टुडिओत गेली. मगननं निगेटिव्ह शोधून काढली आणि कडा न कापता मोठा फोटो काढून दिला. धूसर होतं ते धूसरच राहिलं, फक्त मोठं झालं. पण डावीकडे बोटभर जास्त जागा दिसली, आणि मागाच्या पायावर गुजराती अक्षरांचा शेवट. 'ला'.

उज्ज्वला जवळजवळ ओरडलीच, "विमला!"

"थांब पोरी. सुशीला नावाचाही माग आहे. 'शी'वर वेलांटीचा आकडा असतो, इथं तो दिसत नाही. पण फोटो हललेला, आकडा पुसला गेला असेल. आठ आणे." बाबा मगनकडे वळले. "निगेटिव्हच्या पट्टीवर याच्या शेजारचा फोटो कोणता?"

शेजारचा फोटो एका म्हाताऱ्या मुकादमाचा होता, चांगला स्वच्छ. बाबांनी आधी मागाकडे पाहिलंच नाही. दोन्ही फोटोंतला आंब्याच्या पानांचं तोरण, भिंतीवरची लांब चीर आणि एका बाजूनं लोंबणारी ट्यूबलाइट जुळवून पाहिली. "खोली एकच आहे. म्हणजे हे माग त्याच रांगेतले असावेत." मग भिंग सरकवत ते पायाशी आले. उज्ज्वला त्यांच्या बोटाकडे पाहत राहिली. तिला तिथं काळे डागच दिसत होते.

"बघ. तीन बोल्ट, त्रिकोणात. सुशीलाला दोनच, एकाखाली एक. आणि इथं 'म'चा दांडा, वर आकडा नाही. आता सोळा आणे, विमलाच."

उज्ज्वला पुन्हा त्या डागांकडे बघू लागली. तिच्या भावाशेजारच्या मुक्या लोखंडाला त्यांनी नावानिशी हाक मारली होती.

"पण मागाचं नाव कळलं, मालकाचं नाही," बाबा म्हणाले. "ती ओतशाळा कधीच बंद पडली. माझ्या माहितीत विमला दोनच ठिकाणी उरलेत. विकले गेले असतील तर मी काय सांगू?"

कतारगामच्या कारखान्यात विमला होते, पण भिंत नवी, गुळगुळीत. कुंदन नावाचं कुणी नव्हतं. उज्ज्वलाचा धीर सुटला. बाबा नुसतं म्हणाले, "चल, कडोदरा राहिलंय."

कडोदऱ्याच्या शेडमध्ये आवाज इतका, की बोललेलं ऐकू येत नव्हतं. दारावर सुकलेलं तोरण होतं. आत भिंतीवर ती चीर, छतापासून खिडकीपर्यंत. उज्ज्वला पहिल्याच मागाशी थबकली आणि तिनं त्याच्या पायाशी हात ठेवला. थरथरत्या लोखंडावर उठावदार अक्षरं होती, त्याखाली तीन बोल्ट. खरंच तीन.

ती तशीच वाकलेली असताना पलीकडच्या रांगेतला माग बंद पडला. एक दाढी वाढलेला माणूस धाग्याचा धोटा हातात घेऊन तिच्याकडे बघत उभा होता.

"ताई," तो ओठांनीच म्हणाला. मग जवळ येऊन, आवाजावर ओरडून, "तू आठे कशी उनी?"

इथं कशी आले ते सांगायला तिनं नुसतं भिकनबाबांकडे बोट दाखवलं. बाबांचं मात्र इकडे लक्षच नव्हतं. ते ऐकू येणारा कान मागाकडे करून उभे होते आणि एक बोल्ट सैल झालाय म्हणून फोटोतल्या त्या म्हाताऱ्या मुकादमाला खुणेनं पाना मागत होते.