बुधवारचा पाऊण तास

मी बोलायला लागलो की पाव तासाचा दीड तास होतो, असं आमचे शेजारी सांगतात. ते कमीच सांगतात. एकदा गल्लीत शिरलेल्या बिबट्याची गोष्ट मी अशी रंगवली, की शेवटी बिबट्याच कंटाळून निघून गेला. अशा माणसाच्या हाती मॅडमनी तासांची नोंद दिली, यावरून त्यांच्या धाडसाची कल्पना यावी.

मॅडम कारखान्यांना गुणवत्तेचे सल्ले देतात. गंगापूर रोडला दोन खोल्यांचं ऑफिस आहे. त्यांची गाडी मी चालवायची आणि त्यांचे तासही मीच लिहायचे: कोणत्या क्लायंटसाठी, काय काम, कधीपासून कधीपर्यंत. मोजमाप पाव तासाचं. रोजचं त्याच दिवशी लिहायचं आणि शनिवारी आठवड्याचा मेळ घालायचा. माझी नोंद, मॅडमच्या मोबाइलमधलं कॅलेंडर आणि कारखान्यांच्या गेटवर सही झालेल्या भेटीच्या चिठ्ठ्या, तिन्हींचं एकमेकांशी जुळलं पाहिजे. मेळ लागल्याशिवाय तक्ता कुणाला पाठवायचा नाही, हा मॅडमचा नियम.

त्या बुधवारी मी नोंद केली नाही. चहाच्या टपरीवर माझा बिबट्या ऐन रंगात आला होता. गुरुवारी सकाळी आठवून लिहिली. आणि शुक्रवारी ओझरच्या कारखान्यातल्या हिशेब-साहेबांनी फोनवर फोन केले म्हणून त्यांचा तक्ता मेळाआधीच पाठवून दिला. सोमवारी त्यांच्या वर्षभराच्या कराराच्या नूतनीकरणावर सही होणार होती. आमच्या निम्म्या आठवड्याचं काम म्हणजे ओझर. ते गेलं असतं तर आधी गाडी विकली गेली असती आणि गाडीमागोमाग मी.

शनिवारी मेळ घालायला बसलो. सोमवार जुळला, मंगळवार जुळला. बुधवारी सव्वानऊला निघून सहाला काम संपलेलं, मध्ये अर्धा तास जेवण; म्हणजे सव्वाआठ तास. माझ्या नोंदीत नऊ. मॅडमनी त्या दिवशी देवाच्या घड्याळातून पाऊण तास उसना आणला होता की काय! तीनदा बेरीज केली. पंख्याखाली बसून मला असा घाम फुटला, की गोदावरीला पूर यायचा.

मग दिसलं. ओझरहून परत येताना पावणेदोन ते अडीच, प्रवास, ओझरच्या नावावर. करारात प्रवास धरलेला होता. आणि पावणेदोन ते अडीच, फोन, देवळ्याच्या कांदा साठवणूकवाल्यांच्या नावावर. एकच पाऊण तास दोघांना विकलेला. तो फोन मी स्वतः गाडी चालवत ऐकला होता. कांद्याला कोंब का येतात हे मला अजून पाठ आहे.

गुरुवारी दुपारी मॅडमचा एक तास मोकळा होता. देवळ्याचा फोन तिकडे सरकवला असता तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. बोट तिथपर्यंत गेलंही. तेवढ्यात मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं, टपरीवरच्या बिबट्यासकट, आयुष्यात पहिल्यांदा मीठमसाला न लावता.

त्यांनी खुर्ची ओढली आणि बुधवारच्या दोन्ही ओळी वाचल्या.

"काम देवळ्याचं झालं, तर तास देवळ्याचा," त्या म्हणाल्या. "ओझरचा परतीचा प्रवास काढा. आणि त्यांना फोन तुम्ही करा."

"मी? मॅडम, ते साहेब करार मोडायला कारणच शोधतायत."

"म्हणूनच."

फोन लावला. चूक माझी आहे, पाऊण तास जास्त लागलाय, सुधारलेला तक्ता पाठवतो, एवढंच बोललो. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. इतका मोठा, की पान कितवं ते मला गंगापूर रोडवर बसून मोजता आलं असतं.

"बुधवारी मी गेटवरच होतो," साहेब सावकाश म्हणाले. "गाडीत बसताना मॅडम फोनवर कांद्याचं बोलत होत्या. तुमचा तक्ता आला तेव्हा त्या ओळीवर लाल खूण केली. सोमवारी मोठ्या साहेबांसमोर ठेवणार होतो."

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शेजाऱ्यांनी हे पाहिलं असतं तर पेढे वाटले असते.

"सुधारलेला पाठवा," ते म्हणाले. "पहिला फाडतो."

सोमवारी सही झाली. पण नव्या करारातून प्रवासाचे तास साहेबांनी अख्खे काढून टाकले. जाण्यायेण्याचा दीड तास आता आमचा आम्हालाच. मॅडमनी वाचलं, ओठ आवळले आणि सही केली.

आता मी गाडीची किल्ली फिरवण्याआधी नोंद करतो. त्या शनिवारी मात्र फोन ठेवल्यावर मी विचारलं होतं, की साहेबांशी बोललो तो पाव तास कुणाच्या नावावर लिहू.

"बिनबिलाचा लिहा," मॅडम म्हणाल्या. "आणि कामाच्या रकान्यात लिहा, बिबट्या."