भिंतीपलीकडचा वळू

थोरल्याच्या पोटात दुखायचं ते धाकट्या भावाच्या वळूमुळे. दोघांच्या गोठ्यांत एकच भिंत, पण माजावर आलेल्या गाई उभ्या राहायच्या त्या धाकट्याच्याच फाटकाशी. त्यातून धाकटा आठवड्याला तीनच गाई घ्यायचा. "शहाणा लागून गेलाय!" म्हणत थोरला उरलेल्या सगळ्या गाई आपल्या वळूकडे घ्यायचा, दिवसाला तीन-तीनसुद्धा. वर आपला वळू भावाच्या वळूपेक्षा भरदार दिसावा म्हणून पेंडीचा मारा केला आणि त्याला फिरवणंही बंद केलं.

दोन महिन्यांत गाई उलटू लागल्या, गाभ न राहता पुन्हा माजावर आल्या. डॉक्टरांनी वीर्य तपासलं. "पाण्यासारखं पातळ आहे. वळू दमलाय आणि सुटलाय. पेंड कमी करा, रोज चालवा. दोन महिने एकही गाय नको."

त्याच आठवड्यात थोरल्याची स्वतःची गाय माजावर आली. दातओठ खात तो तिला भावाच्या फाटकाशी घेऊन गेला. धाकटा वळूच्या नाकातल्या कडीत लांब काठीचा आकडा अडकवून त्याला अंतरावरून चालवत होता. नजर वळूवरच ठेवून तो म्हणाला,

"दादा, या आठवड्याच्या तीन झाल्या. त्यापुढच्या मी तुझ्याकडेच पाठवत होतो ना?"