तिपटीची वही

कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे कानसेन म्हणत. हुद्दा परिचराचा, तोही सतरा वर्षं हंगामी. पण अनुनादाच्या नळीपाशी त्याचाच शब्द शेवटचा. नादकाटा रबरावर आपटून नळीच्या तोंडावर धरायचा, नळीतलं पाणी हळूहळू खाली न्यायचं आणि आवाज एकदम भरून आला की पातळी वाचायची, अशी दोनदा. पोरं गोंधळली की हा खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडायचा, "थांब! आलं!"

आणि नेमका त्याचाच कान गेला. तीन वर्षांपासून हळूहळू, दोन्ही बाजूंनी. घरी बायको इतक्या मोठ्यानं बोलायची, की शेजाऱ्यांना वाटे यांचं रोजच वाजतं. "डॉक्टरला दाखवा," ती म्हणायची. "कायम होऊ दे, मग दाखवतो," हा म्हणायचा. डॉक्टरचा कागद ऑफिसात पोचला तर आहे तेही जाईल, ही भीती त्याला पोखरत होती.

यंदा साहाय्यकाची कायम जागा निघाली. परीक्षा एकच, प्रात्यक्षिकाची. महिनाअखेरीस तो वयाची मर्यादा ओलांडणार होता. ही गाडी चुकली की पुढे गाडीच नाही. परीक्षेच्या दिवशी चिठ्ठी उचलली आणि निघाली अनुनादाची नळी. चार वर्षांपूर्वी तो नाचला असता. आता त्यानं चिठ्ठी पुन्हा उलगडून वाचली.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई खिडकीपाशी कागद चाळत होत्या. त्यानं नादकाटा आपटला, पाणी उतरवलं. काहीच नाही. पुन्हा आपटलं. नळीवर कान टेकवला. नुसती आत कुठेतरी शिट्टी, ती तर त्याच्या डोक्यातलीच. अर्धा तास गेला. शर्ट पाठीला चिकटला. देवा, एकदा ऐकू दे, फक्त दोनदा, असं तो मनात म्हणत राहिला.

शेवटी त्यानं पेन काढलं. उत्तर तर पाठ होतं. आजच्या तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला तीनशे सेहेचाळीस मीटर, काट्याची कंपनं पाचशे बारा. पहिल्या अनुनादाला नळीत पाव लहर, दुसऱ्याला पाऊण. उलटा हिशोब करून त्यानं लिहिलं: १६.९ सेंटिमीटर आणि ५०.७ सेंटिमीटर. वजाबाकी, दुप्पट, गुणिले पाचशे बारा. उत्तर चोख आलं.

बाई आल्या. आकड्यांवर त्यांचं बोट थांबलं. मग त्याच्या तोंडासमोर येऊन त्या सावकाश म्हणाल्या, "दादा, ही दुसरी लांबी पहिलीच्या बरोब्बर तिप्पट आहे."

त्यानं पेनाला टोपण लावलं.

"पंधरा वर्षांपूर्वी याच टेबलावर मी अशीच तिप्पट लिहिली होती. तुम्ही वही परत केलीत. काय म्हणाला होतात, आठवतं?"

आठवत कसं नाही? शेकडो पोरांना तेच म्हटलं होतं. त्याला नाइलाजानं तोंड उघडावं लागलं. "हवा नळीच्या काठावर थांबत नाही. तोंडाबाहेरही थोडी हलते, व्यासाच्या जवळजवळ एक तृतीयांश. म्हणजे खरी लांबी मोजलेल्यापेक्षा जास्त. ही टोकाची दुरुस्ती. दोन्ही वेळा ती तेवढीच, म्हणून वजाबाकीत उडते. पण प्रत्येक मोजमापात ती कमी पडलेलीच असते... म्हणून दुसरी लांबी पहिलीच्या तिपटीहून नेहमी थोडी जास्त येते. बरोब्बर तिप्पट आली, तर पोरानं नळीला हातच लावलेला नाही."

"मग?"

"ऐकू येत नाही हो, बाई," तो म्हणाला आणि स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडला.

बाईंनी काटा स्वतः आपटला आणि नळीला जोडलेली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. तो पाणी उतरवत गेला. त्यांनी हात वर केला तेव्हा त्यानं वाचलं: १५.९. पुढे पुन्हा हात: ४९.७. पहिलीची तिप्पट सत्तेचाळीस पूर्णांक सात; वर दोन सेंटिमीटर, त्याची निम्मी टोकाची दुरुस्ती, म्हणजे एक. वजाबाकी तेहेतीस पूर्णांक आठ, तीच जी त्यानं बनवून लिहिली होती. वेगही तोच, तीनशे सेहेचाळीस. एवढं बरोबर आणि एवढं निरुपयोगी काही त्यानं आयुष्यात मोजलं नव्हतं.

"हे आकडे तुमचे नाहीत, दादा," बाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "मला ते लिहिता येणार नाहीत."

"नकाच लिहू," तो म्हणाला.

त्यांनी त्याचा पहिला कागद ओढला, तिपटीवर आडवी रेघ मारली आणि खाली दोन शब्द लिहून त्याच्याकडे सरकवला. सतरा वर्षं तो पोरांच्या वहीवर जे दोन शब्द लिहून वही परत करायचा, तेच.

"पुन्हा करा."

त्यानं महिनाअखेरीची तारीख मनात मोजली, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि नळीतलं पाणी बादलीत सोडून दिलं.