पोळ्याआधीचं शिंग

माझे यजमान कुलदीप गुरांचे डॉक्टर. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्यांना डॉक्टरच म्हणते, कारण अख्खं चांदूर बाजार तेच म्हणतं. आमचा दवाखाना म्हणजे घराची पुढची खोली आणि बाहेरचा कडुलिंब. खोलीत औषधं, कडुलिंबाखाली पेशंट. गाईच्या पोटातून प्लास्टिक काढायचं असलं की मी वरून चादर धरून उभी राहते, उघड्या पोटात पानं नि पाखरांची घाण पडू नये म्हणून. पाय मोडलेलं जनावर आलं तर एक्स-रे नाही, हातानंच चाचपायचं. ज्या दिवशी जनावर वाचत नाही, त्या दिवशी डॉक्टर ताटावरून तसेच उठतात. मग मी एकटी जेवते आणि चिडते.

म्हणून अकोल्यात एका संस्थेच्या जनावरांच्या हॉस्पिटलात सर्जनची जागा निघाली, तेव्हा त्यांच्यापेक्षा मीच जास्त हरखले. तिथे शस्त्रक्रियेची वेगळी खोली, मोठ्या जनावराचं टेबल, एक्स-रे, सगळं होतं. वयाची अट चाळीस, आणि डॉक्टर येत्या उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणार होते. ही जागा हुकली की जन्मभर कडुलिंब!

संस्थेनं बायोडेटा मागवला. कोणकोणत्या जनावरांवर उपचार केले, कोणत्या शस्त्रक्रिया केल्या, त्यांचं पुढे काय झालं, गोठ्यावर जाणं किती, परिषदेची नोंदणी, आणि ज्यांना फोन करून विचारता येईल अशी दोन माणसं. टायपिंग मी घेतलं. डॉक्टरांचं अक्षर बैलालाही कळणार नाही.

सगळ्यात वर राज्याच्या पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरण कधीपर्यंतचं, ते टाकलं. नोंदणी चालू नसेल तर पदवी कितीही मोठी असो, डॉक्टरकी करता येत नाही. मग जनावरं. गाई, म्हशी, बैल, शेळ्या, कुत्रे, वरातीची एक घोडी, आणि वनखात्यानं बोलावलं म्हणून तारेत अडकलेला एक रोही, म्हणजे नीलगाय. मग शस्त्रक्रिया. अडलेल्या म्हशीचं पोट फाडून वगार काढणं, पोटातलं प्लास्टिक, फाटलेले सड, शिंगाचा कॅन्सर. गोठाभेटींत गावांची नावं इतकी झाली की मीच थकले.

शिंगाच्या कॅन्सरपाशी डॉक्टर म्हणाले, "खाली लिही. एक बैल, चांद्या. मालकाच्या सांगण्यावरून पोळ्यापर्यंत शस्त्रक्रिया लांबवली. उशीर झाला. बैल दगावला. निर्णय माझा चुकला."

माझे हात थांबले. "डोकं ठिकाणावर हाये ना तुमचं? बाकीचे वाचले ते लिवा ना! हे तर आ बैल मुझे मार झालं!"

"पुढे काय झालं ते विचारलं हाये त्याहिनं. एक टाकायचं अन् एक लपवायचं?"

चांद्या जानरावांचा. आमच्या तालुक्यातलंच त्यांचं गाव, काळ्या जमिनीची शेती. चांद्या आणि हिऱ्या ही त्यांची जोडी दरवर्षी पोळ्याला तोरणाखालून पहिली जायची. तो गावचा मान, त्यांच्या आजोबांपासूनचा. त्या साली श्रावणात चांद्या मान झटकायला लागला, एका नाकपुडीतून रक्त आलं, शिंग किंचित कललं. डॉक्टरांनी हात लावताच सांगितलं, हा शिंगाचा कॅन्सर, मुळापासून कापलं तर बैल वाचेल, आणि आत्ताच कापलं तर. जानरावांनी हात जोडले. "पोळा होऊ द्या डॉक्टरसाहेब. एकशिंगी बैल तोरणाखाली कसा नेऊ? दुसऱ्याच दिवशी कापा." डॉक्टर थांबले. पोळ्याला चांद्याच्या शिंगांना बेगड लागली, जानरावांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, त्याचे पाय धुतले, पुरणपोळी चारली. दुसऱ्या दिवशी शिंग कापलं तेव्हा रोग कवटीच्या पोकळीत उतरलेला होता. दिवाळीपर्यंत चांद्या गेला. तेव्हापासून आमची गाडी त्या गावात शिरली की जानराव ओसरीवरून उठून घरात जायचे. धरलाय त्यांनी डॉक्टरांवर राग, असंच आम्ही दोघं धरून चाललो होतो.

आणि विचारायच्या दोन माणसांत डॉक्टरांनी पहिलं नाव दिलं जानरावांचं!

मी लॅपटॉप धाडकन बंद केला. "मी नाही टाईप करत. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेऊन राहिले तुमी. अन् पाय तुमच्या एकट्याचा नाही, माझाबी हाये!"

"आरती," ते हळूच म्हणाले, "तिथं टेबल भेटन, एक्स-रे भेटन. पण मालक तिथंबी हातच जोडन. मी त्या वक्ती काय केलं होतं, हे त्याहिले ठाऊक पाहिजे."

मी रडले. मग लॅपटॉप उघडला आणि टाईप केलं.

मुलाखतीला मी सोबत गेले. बाहेरच्या बाकावर बसले, दार उघडंच होतं. आत तिघंजण होते, पण विचारत होते ते देवमन सर, पांढऱ्या मिशांचे म्हातारे सर्जन. नोंदणीचा दाखला पाहिला, म्हशीच्या शस्त्रक्रियेत टाके कसे घालता ते विचारलं, भूल किती देता ते विचारलं. मग त्यांचं बोट चांद्यावर आलं.

"हे कोणी लिहायला सांगितलं?"

"कोणीच नाही, सर."

"त्यानंतर शिंगाचे रोगी आले?"

"आले. मालकांनी हात जोडले. मी त्याच दिवशी कापलं."

देवमन सरांनी तिथंच जानरावांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. सरांनी आपलं नाव सांगून चांद्याचं विचारलं.

"साहेब, डॉक्टरनं सांगतलं होतं, आजच काप म्हणून. मीच आडवा पडलो. मले पोळ्याचा मान पायजे होता. थे गावात येते तं मी घरात जातो. कोणत्या तोंडानं समोर जाऊ? बैल म्या मारला अन् नाव त्याहिचं झालं."

"म्हणजे डॉक्टरांची काही चूक नाही?"

"हाये ना," जानराव म्हणाले. "त्याहिनं माझं ऐकलं."

सरांनी फोन ठेवला. डॉक्टर मान खाली घालून बसले होते. मला आत जाऊन त्यांचा हात धरावासा वाटला, पण मुलाखत होती, मी बाकाचीच कड घट्ट धरली.

जागा डॉक्टरांनाच मिळाली. आम्ही अकोल्याला जुन्या शहरात मोर्णा नदीच्या पलीकडे खोली घेतली. डबा द्यायला मी रोज हॉस्पिटलात जाते. आता चादर धरावी लागत नाही.

यंदा पोळ्याच्या आठवड्यात डबा घेऊन गेले तर फाटकात एक पिकअप उभी. मागे बैल, शेजारी जानराव, किती वाळलेले! बैल हिऱ्या होता, चांद्याचा जोडीदार. त्याच्या डाव्या नाकपुडीखाली रक्त वाळलं होतं.

डॉक्टर बाहेर आले. दोघं समोरासमोर उभे राहिले. डॉक्टरांनी हिऱ्याच्या शिंगाच्या मुळाशी बोटं दाबली, आणि हिऱ्यानं मान झटकली.

"सकाऊन दिसलं रगत," जानराव म्हणाले. "तसाच भरून आणला. शुक्रवारी पोळा हाये."

जानरावांचे हात सवयीनं जोडले गेले होते, ते त्यांचे त्यांनाच दिसले. त्यांनी ते सोडले आणि हिऱ्याचा कासरा डॉक्टरांच्या हातात दिला.

"आता मी काय बी म्हणो डॉक्टरसाहेब, ऐकू नका. आजच कापा."