लाडूनं वाचवलेली सोयरीक

लेकीची सोयरीक मी निव्वळ संशयापायी मोडायला निघाले होते, एवढी मी शहाणी! मुलगा तिच्या मनात भरला होता. त्याची आई जांबोटीहून निपाणीला आमच्या घरी आली.

“पोराचा राग कसा हाय?” मी विचारलं. बाई गप्प. आमच्याकडं समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू होतं. गप्प बसला, तो लपवतोय! म्हणून मी लगेच विचारलं, “दारूबिरू?” पुन्हा गप्प. मग तिसरा प्रश्न.

स्वयंपाकघरात जाऊन लेकीला म्हणाले, “पोरात खोट हाय गं!”

“आई, जरा थांब की!” डोळे पुसत तिनं माझ्या तोंडात अख्खा लाडू कोंबला.

बाहेर आले, तर बोलता येईना. लाडू चघळेपर्यंत बाईंनी सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली. त्यांच्याकडं प्रश्न ऐकून, क्षणभर थांबून मगच बोलतात. माझा प्रत्येक नवा प्रश्न त्यांना पुन्हा थांबायला लावत होता.

लग्नानंतर विहीणबाई थोडं थांबून म्हणाल्या, “तुम्ही मला बोलूच देईनासा, तवा मला वाटलं, पोरीतच काहीतरी खोट हाय.”