गाणी हळू ठेवली तेव्हा

कापूर पेटला की मला तो ईमेल आठवतो. यवतमाळच्या आमच्या सोसायटीत आदल्या वर्षी गणपतीतल्या गाण्यांवरून भांडण झालं होतं, म्हणून त्या वर्षी मीच कमिटीला ईमेलनं वेळापत्रक लिहून पाठवलं: मागच्या मशिदीतली अजान झाली की सातला आरती, साडेसात ते साडेआठ गाणी, मग दुसऱ्या मजल्यावरच्या बारावीच्या मुलीला अभ्यास करता यावा म्हणून स्पीकर बंद, आणि तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना त्रास नको म्हणून स्पीकरचं तोंड फाटकाकडे, आवाज मांडवापुरता. लिहिण्याआधी मी घरोघरी विचारून आले होते. आजोबा तेवढे झोपलेले होते, म्हणून त्यांच्या सुनेला विचारलं, ती म्हणाली, "तुमाले बरं वाटते तसं करा." कमिटीनं सगळं मान्य केलं, वर माझं कौतुकही केलं. सहाव्या दिवशी आरती झाल्यावर प्रसाद घेऊन गेले, तर आजोबांची खाट खिडकीला लावलेली आणि खिडकी सताड उघडी. मला पाहताच म्हणाले, "यंदा गणपती नाही बसवला काय, पोरी? मी रोज गाण्याची वाट पाहून राह्यलो." परत येऊन मी स्पीकर त्यांच्या खिडकीकडे वळवावा असा ईमेल केला. कमिटीचं 'चालेल' दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. आजोबा सकाळीच गेले होते. त्यांना मान द्यायचा म्हणून विसर्जनापर्यंत आम्ही गाणी बंदच ठेवली. आज कळतं, तेही आम्हीच ठरवलं होतं.