गवार मोडता मोडता केलेला अनुवाद

जर्मनीत इंगोलश्टाटला येऊन सात वर्षं झाली. नवरा मोटारींच्या कारखान्यात छान रुळला, आणि मी? घरात बसून नुसती डिपेंडंट! त्यामुळे पुण्याच्या एका प्रकाशकांनी इंग्रजी कादंबरीच्या अनुवादासाठी नमुन्याची दोन पानं मागितली, तेव्हा मी सोफ्यावरून उडीच मारली. पानं पाठवली, आणि संपादकबाईंचा फोन आला. "चूक काही नाही हो. पण गोष्टीतला हा माणूस मराठीत बोलतच नाहीये. उद्या तुमच्या बारापर्यंत पुन्हा पाठवा, नाहीतर काम दुसऱ्यांना देते."

असा संताप झाला माझा! एवढा शब्दकोश पालथा घातला तो काय उगाच? सकाळी तणतणतच स्वयंपाकघरात गेले. साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या. त्यांना इंग्रजीचा गंध नाही. म्हटलं, "आई, तुम्हीच ऐका आणि काय बिघडलंय ते सांगा."

गोष्ट साधी होती. एका माणसाला बाजारात त्याच्या वारलेल्या मित्राची आई दिसते. इंग्रजीत होतं 'रॅन इंटू'. मी वाचलं, "माझी तिच्याशी अनपेक्षित भेट झाली."

"मंत्री आहे का गं तो? अचानक समोर आली म्हण की!"

पुढे 'हँग आउट' होतं. "आम्ही स्टेशनमागे एकत्र वेळ व्यतीत करत असू."

"म्हणजे करायचे काय?"

"काहीच नाही. बसायचे, हसायचे, घरी जायचं नाव नाही."

"मग चकाट्या पिटायचे!"

गेनाऊ! अगदी हेच! मी इंग्रजी पान उलटं करून ठेवलं. शब्द बघायचेच नाहीत, माणसं काय करतात तेवढं आईंना सांगायचं आणि त्या म्हणतील ते लिहायचं. हात नुसता पळत होता.

शेवटचं वाक्य 'गेट ओव्हर'चं. "त्याच्या मृत्यूवर मी मात करू शकलो नाही."

"मात करायला कुस्ती आहे?" त्या हसल्या, आणि मग त्यांचे हात थांबले. "माणूस गेलं की बाकीच्यांनी सावरायचं असतं. नाही सावरला म्हण. मी तरी कुठे सावरलेय गं अजून?"

सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. या बाईंनी तोवर चकार शब्द काढला नव्हता, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली मला. त्यांच्याजवळ बसून राहिले, मग लिहिलं, 'मी अजून सावरलो नाहीये.'

बाराला दहा कमी असताना पानं गेली. दोन वाजता फोन वाजला. "पुस्तक तुमचं! आणि ते सावरण्याचं वाक्य, अहो, मी दोनदा वाचलं!"

मी ओरडतच जाऊन आईंना मिठी मारली. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि मला लटकंच ढकललं.

"पुरे आता. पुढची पानं आण. तो सावरतो का, बघू दे मला."